शेंगेला आलेला घाम

“मॅडम, एवढे महागडे परफ्यूम, मग शेवटी सगळ्यांना आइस्क्रीमचाच वास का येतो?”

‘हिंमत असेल तर विचारून दाखव,’ असं मैत्रिणी म्हणाल्या होत्या, आणि दहावीतली क्षितिजा मागे हटणाऱ्यातली नव्हती. निवेदिता मॅडम तिच्या पप्पांच्याच एका गोदामात परफ्यूम बनवायच्या. क्षितिजाने पुढे कॉमर्स घेऊन ही गोदामं सांभाळायची, हे घरी तिला न विचारताच ठरलं होतं.

मॅडमनी केरळहून आलेली व्हॅनिलाची हिरवी शेंग तिच्या नाकाखाली धरली. कसलाच वास नाही.

“हिच्यात व्हॅनिलिन, म्हणजे वास देणारं द्रव्य, साखरेला बांधलेलं असतं. शेंग गरम पाण्यात बुडवून, घोंगडीत गुंडाळून तिला घाम आणतात, तेव्हा ते सुटतं. मग ऊन, सावली आणि महिनोन्‌महिने पेटीत झोप.”

मुरलेली काळी शेंग हुंगताच क्षितिजाला वाटलं, आपण दुधाच्या ढगावर आडव्या पडलोय. शेजारच्या बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीचा वासही तसाच, पण एकसुरी. ते कारखान्यातलं व्हॅनिलिन.

“ते सावकाश उडतं, बोचऱ्या वासांना मऊ करतं, आणि लहानपणापासून ओळखीचं असतं. म्हणून जिथेतिथे.” मॅडमनी तिला परफ्यूममध्ये बुडवलेली कागदाची पट्टी दिली.

तिने ती कंपासपेटीत ठेवली. त्यातला लिंबाचा वास घरी पोहोचेपर्यंत उडाला, मोगऱ्याचा दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशीही कंपासपेटी गोड दरवळत होती.

जेवताना तिने पट्टी आई-पप्पांपुढे ठेवली.

“आइस्क्रीम सांडलंस काय गं?” पप्पांनी विचारलं.

“न्हाय पप्पा. मी सायन्स घेणार हाय. गोदामात बसेन, पण वास बनवायला.”