पाठीवरचा हात

शारीरिक साक्षरता म्हणजे काय, हे समजावून सांगायला शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली होती आणि पालक घड्याळाकडे बघत होते. मुख्याध्यापकांनी खेळाच्या बाईंना सकाळीच बजावलं होतं, "आज पालकांना पटलं तर ठीक. नाहीतर चौथीचे खेळाचे तास गणिताला जातील. कप नाहीत, मेडलं नाहीत, मी तरी लोकांना काय दाखवू?"

बाई बोलल्या मात्र छान, ते कबूल करायला हवं.

"वाचायला शिकतात तसंच हेही शिकायचं असतं," त्या म्हणाल्या. "धावणं, उडी, झेल, तोल सांभाळणं, हे यायला हवं. मला जमेल असा भरवसा वाटायला हवा. आणि उद्याही करावंसं वाटायला हवं, पार म्हातारपणापर्यंत. येतंय, पण करावंसंच वाटत नाही, असं झालं तर शिकवलेलं सगळं पाण्यात. म्हणून मुलाच्या कलानं घ्या. ढकलू नका. चारचौघांत लाजवू नका."

पुढच्या रांगेत बसलेले नवे शिक्षक माना डोलवत होते. मागून एक टाय लावलेले वडील उठले.

"ऐकायला गोड आहे, बाई. पण दिसतं का काही? आमच्या मुलीला शर्यतीत नंबर मिळत नाही, मग ती साक्षर झाली हे ओळखायचं कसं?"

लोक हसले. मुख्याध्यापकांनी बाईंकडे बघितलं.

तेवढ्यात त्यांना मुंगी दिसली. चौथीतली, अंगानं एवढीशी, म्हणून मुंगी. आईशेजारी खुर्चीत पाय हलवत बसली होती. वर्षाच्या सुरुवातीला ही मुलगी गुडघाभर उंचीच्या लाकडी खोक्यावरून खाली उतरायला घाबरायची. बाईंनी तिला आधी जमिनीवरच्या रेघेवरून उड्या मारायला लावल्या, मग पायरीवरून. उंची तिनंच ठरवायची, बघायला कुणी थांबायचं नाही. गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायला ती शिकली. आता मधल्या सुट्टीत डबा अर्धवट टाकून ती खोक्याकडे पळायची. तेवढ्या वेळात ती जगातली सर्वांत सुखी मुलगी असायची.

"दाखवते की," बाई म्हणाल्या. "मुंगी, ये बरं."

मुंगी आली. बाईंच्या ओढणीला धरून हळूच म्हणाली, "बाई, सगळ्यांसमोर नको ना."

"एकदाच. माझ्यासाठी."

हॉलच्या कोपऱ्यातच ते खोकं होतं; मुंगी त्यावर चढली आणि तिथंच खिळली. रोजचंच खोकं, खाली रोजचीच गादी, पण पोरगी कडेपाशी पाऊल नेईना. आईला लाज वाटली, आणि तिनं ती मुलीवरच काढली. "मी सांगत होते ना, ही घाबरटच आहे. बापावर गेलीय."

पुन्हा हशा. टायवाल्यांनी मोबाईल वर धरला.

बाई खोक्यामागे गेल्या. चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून त्यांनी मुंगीच्या पाठीवर हात ठेवला आणि थोडासा, अगदी थोडासा, पुढे रेटला.

मुंगी खाली आली. गुडघे वाकलेले, पाऊल हलकं, आवाज नाही. शिकवलं होतं तसं तंतोतंत. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडला, टायवाले "वा" म्हणाले, आणि खेळाचे तास वाचले. गादीवर उभ्या असलेल्या मुंगीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. तिच्या आईलाही नाही, ती अभिनंदनं घेत होती.

पुढच्या आठवड्यात नव्या शिक्षकांपैकी एक सर दुसरीच्या वर्गाला खोक्यावर चढवत होते. एक मुलगी वर रडत उभी होती. सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि रेटलं. बाई धावत गेल्या.

"हे काय करताय?"

"तुमचीच पद्धत, बाई," सर भाबडेपणानं म्हणाले. "व्याख्यानातलं सगळं लक्षात नाही राहिलं. हे राहिलं."

त्या सभेपासून खोकं मधल्या सुट्टीत रिकामंच असायचं. मुंगी भिंतीशी बसून डबा पूर्ण संपवायची, मग इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. एके दिवशी बाई तिच्याशेजारी खाली बसल्या.

"मुंगे, चल ना. कुणी बघणार नाही. मीसुद्धा पाठ करून उभी राहते."

मुंगीनं त्यांच्या हातांकडे बघितलं आणि थोडं सरकून पाठ भिंतीला टेकवली.

"मला येतं, बाई," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. "तुम्ही दाखवलंत ना सगळ्यांना. आता कशाला?"