गुणाबाईचं ‘बरा हाये’

गुणाबाईला कुणाचंही आजारपण विचारा, उत्तर एकच: “बरा हाये.” त्यांच्या घरी आजाऱ्याबद्दल वाईट बोलायचं नाही, बोललं की दुखणं वाढतं, अशी समजूत. ऐकून माझं डोकं तापतं. मी जनावरांची डॉक्टर. माझा पेशंट बोलत नाही, मग मालकानं तरी बोलावं ना!

तिच्या मुलानं, धनराजनं, मूल गावच्या रस्त्यानं मोटरसायकलवर आणलेलं पिल्लू म्हणजे भुऱ्या. तीन महिन्यांचा, पाय लांबलचक, कान मोठे. आधीचा कुत्रा बिबट्यानं नेला, तेव्हापासून धानाच्या शेतात, बांधीवर जाताना बाईला भीती वाटायची. या पिल्लावर तिचा जीव. ओकाऱ्या लागल्या म्हणून ती त्याला माझ्या दवाखान्यात घेऊन आली, तर लस एकही नाही.

“लस काऊन लागते मॅडम? आमच्या कुत्र्याईले कधीच दिली नाई.”

टेस्टची पट्टी दोन रेघांची आली. पार्व्हो. आतड्याचं अस्तर सोलून काढणारा विषाणू. त्यावर थेट औषध नाही, शरीर लढेपर्यंत आपण त्याला तगवून धरायचं, एवढंच हाती. भुऱ्या रक्ताची हगवण करत होता, पंजे गार, हिरड्या कोरड्या, नाडी भरभर. ही लक्षणं मला ठीक वाटली नाहीत. रक्ताच्या स्लाईडवर पांढऱ्या पेशीही शोधाव्या लागल्या, इतक्या कमी.

मी पुढच्या पायाच्या शिरेत सुई लावली. सलाईनचा हिशेब तीन भागांचा असतो: अंगातून आधीच गेलेलं पाणी, रोज लागणारं, आणि अजून उलटी-जुलाबातून जाणारं. पहिले दोन मी वजनावरून ठरवते. तिसरं, पिल्लू ज्याच्याजवळ असेल, त्यानं सांगायचं. ओकारी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, गरम पाण्याच्या बाटल्या, सगळं केलं. संध्याकाळी कातडीखाली सलाईनचं पाणी भरून घरी पाठवलं, कारण आमच्याकडे जनावर रात्री ठेवायची सोय नाही.

“रातभर किती डाव ओकला?” सकाळी मी विचारलं.

“एकच डाव. बरा हाये.”

मी त्याप्रमाणे सलाईन लावली. दुपारी मात्र भुऱ्या मान टाकून पडला. डोळे खोल गेलेले, आणि पोटाची कातडी ओढून सोडली तर तशीच उभी राहत होती. मी त्याला काट्यावर ठेवलं. कालच्यापेक्षा वजन भरपूर कमी! एवढं पाणी घालून वजन उतरतं, म्हणजे त्याहून जास्त कुठून तरी गेलं होतं.

“गुणाबाई, काटा खोटं बोलत नाही. खरं सांगा.”

तिनं मग पदरानं तोंड झाकून हुंदका दिला. “लई डाव झालं मॅडम. ओकला, रक्तही गेलं. मी पुसून टाकलं. मले वाटलं, तुमी म्हनाल, आता काई राह्यलं नाई, घेऊन जा.”

माझा राग गळून पडला, असं म्हणणार नाही. राग होताच. पण ती म्हातारी बाई रात्रभर कपड्यानं पुसत बसली होती, हे डोळ्यांसमोर येऊन मला गलबलून आलं. मी हिशेब नव्यानं मांडला, सलाईन वाढवली, त्यात पोटॅशियम आणि साखर घातली. सोय नसली तरी पिल्लू हलवायचं नाही असं ठरवून गुणाबाई आणि धनराजला रात्री दवाखान्याच्या मागच्या खोलीतच थांबवलं. म्हटलं, “प्रत्येक ओकारी, प्रत्येक जुलाब मला फोनवर सांगायचा. लपवलं तर पिल्लू जाईल.”

सकाळी गुणाबाईनं पाढा वाचला, एकेक घाण तपशिलासकट. मी कधी इतक्या आनंदानं ऐकलं नव्हतं. पहाटेपासून ओकारी नव्हती. पंजे कोमट होते. स्लाईड बघितली तर पांढऱ्या पेशी परत येऊ लागल्या होत्या. हे चांगलं लक्षण. म्हणजे या पेशी बनवणाऱ्या, हाडांतल्या मज्जेनं पुन्हा कामाला हात घातला. मी कोंबडी उकडलेलं पातळ पाणी चमच्यानं दिलं. त्यानं ते चाटलं, आणि चमचाही चावला.

“जगेल का?” गुणाबाईनं विचारलं.

“वाटतं, जगेल,” मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याच्या फाटकाबाहेर गलका. मी गुणाबाईला सांगून ठेवलं होतं, तुमच्या चपलांनाही विषाणू चिकटलेला असतो, अंगण ब्लिचिंगनं धुवा, आणि दुसऱ्या पिल्लांजवळ जाऊ नका. म्हणून ती रस्त्याच्या पलीकडे, लांब उभी होती. तिच्या गावातल्या बाया टोपलीत पिल्लं घेऊन आत येत होत्या, आणि गुणाबाई तिथूनच ओरडत होती:

“आमच्या भुऱ्याले रक्ताची हगवन झाली होती! मरूनच जात होता! तुमच्यावाल्याले आजच लस द्या!”