सागाच्या कड्यांमधलं आकाश

डॉ. उल्का मेहेंदळेला नोकरी लागून तीन वर्षं झाली होती, आणि त्या तीन वर्षांत तिने वरिष्ठांना एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये तिला ते म्हणावं लागलं.

ती काम करायची ती प्रयोगशाळा पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या मागच्या अंगाला होती. दोन खोल्या, एक काचेच्या नळ्यांचं जंजाळ आणि जाड पोलादी पत्र्यांच्या पेटाऱ्यात ठेवलेली तांब्याची मोजणी-नळी. जुना कोळसा, बी, हाड, काहीही आलं की ते स्वच्छ धुवायचं, जाळायचं, त्यातल्या कार्बनचा वायू करून नळीत भरायचा आणि दर मिनिटाला कार्बन-चौदाचे किती अणू फुटतात ते तीन-तीन दिवस मोजत बसायचं. सजीव मेला की हे अणू नव्याने मिळत नाहीत, नुसते फुटत जातात; त्यावरून वस्तूचं वय निघायचं. प्रमुख होते डॉ. दीनानाथ खासगीवाले. हुशार, शिस्तीचे आणि कमालीचे कमी बोलणारे. जे काही बोलत ते लागेल असं.

त्या महिन्यात लोणी काळभोरच्या कोळशाचा निकाल लागला होता. तिथे मुक्ताबाई काळभोर नावाच्या बाईंच्या शेतात दिगंबर ठोसर हे पुरातत्त्वाचे प्राध्यापक तीन वर्षं उत्खनन करत होते. जमिनीखाली सहा फुटांवर त्यांना एका घराची जमीन, चूल आणि काळ्या नक्षीची तांबडी मडकी मिळाली होती. मडक्यांच्या घडणीवरून ठोसर सांगत होते की ही वस्ती तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची आहे. चुलीतल्या कोळशाचं वय प्रयोगशाळेने काढलं बावीसशे वर्षं.

ठोसर स्वतः निकाल न्यायला आले होते. कागद वाचून त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि आपल्याला मडकीसुद्धा ओळखता येत नाहीत असं दिसतं, एवढंच म्हणून ते निघाले. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाची पाठ एवढी वाकलेली उल्काने पाहिली नव्हती. पुढच्या महिन्यात संस्थेच्या चर्चासत्रात त्यांना याच खणकामावर बोलायचं होतं.

तिने दीनानाथांना विचारलं की कोळसा पुन्हा मोजू का. ते म्हणाले, खुशाल मोजा. तिने मोजला. ग्रॅममागे मिनिटाला नऊ पूर्णांक पस्तीस शतांश. पहिल्यांदा आला होता तोच आकडा. म्हणजे कोळशाचं मोजमाप चोख होतं.

आणखी एक नमुना आणायला म्हणून ती लोणीला गेली. मुक्ताबाई गोठ्याच्या दाराला डांबर फासत बसल्या होत्या. दर उन्हाळ्यात फासावं लागतं, नाहीतर वाळवी चौकट खाते, असं त्या सांगत होत्या. उल्का पाणी पीत उभी होती. तो वास नाकात गेला आणि तिच्या हातातलं भांडं तोंडापाशीच थांबलं.

हा वास तिच्या रोजच्या ओळखीचा होता. प्रयोगशाळेतल्या कपाटात तो कायम असायचा.

कुठल्याही वस्तूचं वय काढायचं तर जिवंत असताना तिच्यात किती कार्बन-चौदा होता ते माहीत पाहिजे. त्यासाठी प्रयोगशाळेने एक प्रमाण लाकूड ठेवलं होतं. जुन्या लाकूड-वखारीच्या फाटकाचा खांब, त्यावर कोरलेलं साल अठराशे सत्त्याऐंशी. अणुस्फोटांनी आणि गिरण्यांच्या धुराने हवेतला कार्बन बदलण्याआधीचं लाकूड म्हणून दीनानाथांनी तो हौसेने मिळवला होता. वरचा थर तासून आतलं लाकूड वापरलं जाई. पण वखारीचं फाटक म्हणजे दरवर्षी डांबर आलंच. ते डांबर भेगांतून किती आत मुरलं असेल? डांबर निघतं दगडी कोळशापासून, आणि तो कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला असतो. त्यातला कार्बन-चौदा केव्हाच संपलेला. तो मेलेला कार्बन लाकडात मिसळला की प्रमाणाचा आकडा खाली येणार, आणि त्याच्याशी ताडून पाहिलेली प्रत्येक वस्तू खरी आहे त्यापेक्षा तरुण दिसणार.

ती तशीच परतली आणि दीनानाथांच्या खोलीत जाऊन हे सगळं बोलली. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे आता आपण नाकाने वय काढायचं," ते म्हणाले. "या वासात कमी-जास्त किती वर्षं धरू?"

उल्काचे कान तापले. ते पुढे म्हणाले की ठोसरांना हवं तसं उत्तर येत नाही म्हणून प्रमाण बदलायचं हा शास्त्राचा धंदा नव्हे. आणि समजा सत्त्याऐंशीचा आकडा कमी असेलच, तर त्या काळात आकाशातच कार्बन-चौदा कमी होता असं का म्हणू नये?

"नाही सर," उल्का म्हणाली. "तसं म्हणता येणार नाही."

दीनानाथांनी समोरची खुर्ची दाखवली.

ती बसली आणि शनिवार पेठेत वाढलेल्या मुलीला सुचावं तसं तिने सांगितलं. विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात, हवेच्या अणूंची गाभ्यापासून मोडतोड करतात, त्यातून न्यूट्रॉन सुटतात. न्यूट्रॉन मंदावला की नायट्रोजनच्या गाभ्यात शिरतो, एक प्रोटॉन बाहेर ढकलतो, आणि नायट्रोजनचा कार्बन-चौदा होतो. हे अहोरात्र चालू आहे. त्याच वेळी खाली आधीचा कार्बन-चौदा फुटून परत नायट्रोजन होतोय. पेठेतल्या हौदासारखं आहे हे. वरून एकाच धारेने पाणी पडतंय आणि तळाला गळती आहे. पाणी कमी असेल तर गळती कमी, म्हणून पातळी चढते. चढली की गळती वाढते. जिथे पडणारं आणि गळणारं सारखं होतं तिथे पातळी थांबते. अणुस्फोटांच्या आधी निसर्गात जो आकडा होता तो त्या थांबलेल्या पातळीचा.

"आणि हौद केवढा मोठा आहे बघा," ती म्हणाली. "धार पूर्ण बंद केली तरी साठ्यातला एक टक्का गळायला ऐंशी वर्षं लागतात. थोडं इकडेतिकडे चालेल. पण दहा टक्के खाली जाऊन पन्नास वर्षांत परत वर? त्यासाठी आकाशाला शेकडो वर्षं संप करावा लागेल."

दीनानाथांनी पेन्सिल उचलली. "दहा टक्के कशावरून?"

"ठोसर सरांच्या मडक्यांवरून. ते बरोबर असतील तर."

"मडकी मला नकोत. लाकूड आणा. साल ठाऊक असलेलं आणि डांबर न लागलेलं. पंधरा दिवस नळी तुमची." मग ते म्हणाले, "आकाशाला संप करावा लागेल. हे बरं आहे."

असं लाकूड मिळायचं कुठे? ती पुन्हा लोणीला गेली, आणि मुक्ताबाईंनीच तो प्रश्न सोडवला. त्यांच्या बांधावर सासऱ्यांच्या आजोबांनी लावलेला साग होता. फेब्रुवारीच्या वादळात तो उन्मळून पडला होता आणि अजून कुणी तोडून नेला नव्हता. उन्हाळ्यात पानं टाकणारं ते झाड दर पावसाळ्यात एक कडं वाढवत गेलं होतं.

"घ्या की चकती, लाकडाला काय तोटा हाय?" मुक्ताबाई म्हणाल्या. "पर झाडाला इचारून काय कळणार तुमास्नी?"

"त्याने कुठल्या साली कुठली हवा खाल्ली ते," उल्का म्हणाली.

मुक्ताबाईंनी पदराने चकतीवरचा भुसा पुसला. सालीच्या लगतचं एक कडं सोडून त्याच्या आतलं दुसरं कडं सुईच्या रेघेएवढं बारीक होतं. उल्काला काही सांगावं लागलं नाही. "ह्यो भात्तरचा दुष्काळ," बाईंनी त्यावर बोट ठेवलं.

एकोणीसशे बहात्तरच्या त्या कड्यापासून आत मोजत गेलं की एकोणीसशे अठरा आणि अठराशे नव्व्याण्णव या अवर्षणांच्या सालीही कडी आकसलेली होती. मोजणीत चूक नव्हती. एकूण कडी एकशे अठरा.

पुढचे पंधरा दिवस उल्काने दुसरं काही केलं नाही. धारदार पटाशीने एकेका सालाचं कडं सुटं केलं, राळ आणि रस धुऊन नुसता तंतू ठेवला, जाळला, वायू केला. नळीभोवती मोजणी-यंत्रांचं आणखी एक कडं होतं. विश्वकिरण आरपार गेला की ते ओरडायचं आणि तेवढा ठोका हिशेबातून गळायचा. ज्या किरणांमुळे हा सारा कार्बन-चौदा जन्मला त्यांनाच इथे दाराबाहेर ठेवावं लागतं याचं तिला दर वेळी हसू यायचं.

अठराशे सत्तरचं कडं आलं: तेरा पूर्णांक सहा दशांश.

अठराशे नव्वद: तेरा पूर्णांक सहा.

एकोणीसशे पंचवीस: साडेतेरा.

खांबाचा आकडा होता बारा पूर्णांक दोन.

एकोणीसशे पासष्टचं कडं तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. अणुस्फोटांनी निसर्गाची पातळी मोडून हवेत कार्बन-चौदाचा पूर आणला होता ती सालं. आकडा आला बावीसच्या वर. नळी आकाशातला फरक ओळखत होती, आणि अठराशे सत्तरपासून एकोणीसशे पंचवीसपर्यंत फरक नव्हता तेव्हा तो नाही म्हणून सांगत होती.

सकाळी दीनानाथ आले तेव्हा टेबलावर चार आकड्यांचा कागद होता आणि शेजारी काचेचं पात्र. त्यात तिने प्रमाण खांबाच्या गाभ्याचा कीस बेन्झीनमध्ये भिजत टाकला होता. बेन्झीनचा रंग कडक चहासारखा झाला होता. दीनानाथांनी कागद दोनदा वाचला, पात्र उचलून उजेडात धरलं, मग वास घेतला.

"नाकाने वय काढता येतं म्हणायचं," ते म्हणाले. आणि तिच्याकडे न बघता, पण स्वच्छ आवाजात म्हणाले, "चूक माझी. खांब मी आणला होता. लोणीचं वय काढलंत?"

तिने काढलं नव्हतं. हिंमत झाली नव्हती. ते दोघं शेजारी बसले आणि दीनानाथांनी स्वतः लॉगच्या कोष्टकाचं पुस्तक उघडलं. तेरा पूर्णांक सहा भागिले नऊ पूर्णांक पस्तीस. वय आलं तीन हजार एकशे वर्षं.

दीनानाथांनी स्कूटरची किल्ली घेतली. निकाल टपालाने पाठवायचा नाही म्हणाले. ते उल्काला मागे बसवून थेट ठोसरांच्या घरी गेले. ठोसर दारात बनियनवर उभे होते. त्यांनी कागद घेतला, चष्मा शोधला, वाचला. मग ते ओट्यावर खाली बसले आणि लहान मुलासारखे हसायला लागले. हसता हसता डोळे पुसत ते आत ओरडून बायकोला सांगत होते की चहा नको, काहीतरी गोड कर.

चर्चासत्राच्या दिवशी सभागृहात बसायला जागा नव्हती. ठोसरांनी मडकी दाखवली, चूल दाखवली. वयाची पाळी आली तेव्हा दीनानाथ उठले. प्रयोगशाळेची आजवरची एकतीस वयं चुकली होती, ती सगळी सुधारून पुन्हा जाहीर होतील, असं त्यांनी आधी सांगितलं. मागच्या बाजूला कुजबुज झाली. ती थांबेपर्यंत ते थांबले.

"चूक कशी सापडली ते सांगायचा अधिकार माझा नाही," ते म्हणाले. "डॉक्टर मेहेंदळे सांगतील. त्यांनी मला नाही म्हटलं म्हणून आज आपण इथे आहोत."

उल्का फळ्याकडे गेली. पहिल्या रांगेत नव्या लुगड्यातल्या मुक्ताबाई बसल्या होत्या, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली सागाची चकती सांभाळत. ठोसरांनी त्यांना गाडी पाठवून आणवलं होतं. उल्काने खडू उचलला. तिने एक आडवी रेघ ओढली, अणुस्फोटांच्या आधीच्या वर्षांची, जवळपास सपाट, आणि ती ओढताना तिच्या लक्षात आलं की सभागृहातला एकूण एक माणूस तो खडू कुठवर जातो ते बघतोय.