बसल्या जागी एकशे अठरा

आमच्या घरात सर्वांत कमी हालणारी वस्तू म्हणजे फ्रिज, आणि त्याच्या खालोखाल माझा नवरा. म्हणून जानेवारीतल्या एका संध्याकाळी देवेंद्र क्लबातून आले आणि "सुनंदा, आज अर्धा तास जोरदार व्यायाम झाला," म्हणाले, तेव्हा मी निवडायला घेतलेली मेथी खाली ठेवली.

"कुणाचा?" मी विचारलं.

"माझा!" त्यांनी मनगट माझ्या नाकासमोर धरलं. घड्याळाच्या काचेवर खरंच 'शाबास' लिहून आलं होतं आणि फटाके उडत होते. माणूस लालबुंद झाला होता, केस ओले, चेहऱ्यावर तेज. मी तर हरखूनच गेले.

हे घड्याळ घेण्यामागे एक कारण होतं. राजेंद्र नगरात गुढीपाडव्याला आमचं ढोलपथक निघतं. ते उभं केलं नीरजाने. ही मुलगी साताऱ्याहून इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून आली आणि वर्षभरात अख्ख्या कॉलनीला तिने नादी लावलं. गेल्या पाडव्याला देवेंद्रांनीही ढोल मागितला होता. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या, साठीच्या, पोट पुढे आलेल्या माणसाला तिने गोड बोलून पन्हं वाटायच्या टेम्पोवर बसवलं. मिरवणूक संपेपर्यंत ते हसत पन्हं वाटत राहिले, आणि घरी आल्यावर तोंड फिरवून झोपून गेले. मला फार वाईट वाटलं होतं. लहानपणी छत्रीबागेत गणपतीपुढे ढोल वाजवणारी मुलं बघत हे उभे राहायचे, घरचे जाऊ द्यायचे नाहीत. साठाव्या वर्षीही तेच बघत राहायचं म्हणजे काय!

यंदा नीरजाने नियमच काढला: ज्याला ढोल हवा, त्याने आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करायचा. नाडी वाढली की घड्याळ आपोआप मिनिटं मोजतं, आणि पथकातल्या सगळ्यांची मिनिटं सगळ्यांना मोबाइलवर दिसतात. पहिला आठवडा देवेंद्र माझ्याबरोबर सकाळी चालायला आले. पहिल्याच वळणावर त्यांच्या नाकी नऊ आले. मी भाजीचं विचारलं तर "हो" म्हणायलाही त्यांना थांबावं लागायचं. चार दिवसांनी गुडघा दुखायला लागला, मग थंडी वाढली, मग चालणं बंद. मी मनात म्हटलं, झालं, यंदाही टेम्पो.

आणि आता हे अर्धा तास जोरदार!

मग काय, रोजच फटाके उडायला लागले. देवेंद्र ऊन असो, थंडी असो, क्लबात जाणार म्हणजे जाणार. दुसऱ्या आठवड्यात ते पथकात पाचवे आले, तिसऱ्या आठवड्यात पहिले. पंचविशीतली पोरं मागे! शेजारचा ऋषभ, जो पथकात ताशा वाजवतो, तो फाटकातूनच ओरडला, "अरे अंकलजी, गजब कर दिया! मी जिममध्ये मर-मर के मरतोय, आणि तुम्ही टॉप?"

"मेहनत, भिया, मेहनत," देवेंद्र म्हणाले. त्या रविवारी त्यांनी साऱ्या गल्लीला पोहे-जलेबी खिलवली आणि स्वतः दोनदा घेतली.

माझा नवरा मला माहीत आहे. जलेबी दोनदा घेणारा माणूस पथकात पहिला येतो, हे मला पचेना. एक दिवस न सांगता मी क्लबात गेले. ट्रेडमिलवर नाहीत, सायकलवर नाहीत. मागच्या बाजूच्या स्टीम रूमच्या काचेच्या दारामागून मात्र ओळखीचा आवाज आला. धुक्यात चार टॉवेल बसलेले दिसत होते, आणि त्यातला एक टॉवेल बोलत होता.

"...तर मी त्या चीफ इंजिनिअरला म्हटलं, साहेब, ट्रान्सफॉर्मर काही आपला जावई नाही, रुसला तर रुसू द्या..."

ही गोष्ट मी तीस वर्षं ऐकत आले आहे. ती पंधरा मिनिटं चालते आणि मध्ये श्वास घेत नाही. मी दारावर टकटक केली.

"ये ना, म्हणजे येऊ नको!" आतून हे ओरडले. "अगं, बघ, नाडी एकशे अठरा! चालताना होते तेवढीच! आणि मी बसलोय फक्त! इथल्या सगळ्यांची वाढलीय, कसम से!" आतले बाकीचे टॉवेल टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी आपली एकशे दहा सांगितली, त्यावर "और बैठो, और बैठो" असा गजर झाला. साठीतली चार माणसं पोरांसारखी चेकाळली होती. मला राग यायला हवा होता, पण मी काचेला टेकून हसत सुटले.

मग देवेंद्र विजयी वीराच्या थाटात ताडकन उठले, दार उघडून बाहेर आले, आणि तिथेच झोकांडी गेली. मी एका बाजूने धरलं, मागून आलेल्या टॉवेलने दुसऱ्या बाजूने. त्यांना बाकावर आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, पाणी पाजलं.

"फिरतंय गं सगळं," ते डोळे मिटून म्हणाले, आणि वर हसायला लागले. "मजा आहे. पाळण्यात बसल्यासारखं."

"पाळण्यात बसायचं वय राहिलं का आता?" मी म्हटलं, पण त्यांचा हात सोडला नाही. जरा वेळाने ते ठीक झाले, आणि माझं डोकं चालायला लागलं. चालताना एकशे अठरा, तेव्हा यांना 'हो' म्हणवत नव्हतं. इथेही एकशे अठराच, आणि ट्रान्सफॉर्मरची अख्खी गोष्ट! नाडी तीच, मग दम कुठे गेला?

घरी आल्यावर मी त्यांना तसं विचारलं. ते चिडले. "घड्याळ खोटं बोलतं का? मशीन आहे ते! तुला माझं चांगलं बघवत नाही." त्या दिवशी आमचं वाजलं, चांगलं कडाक्याचं. पण मला भीती होती ती वेगळीच. पाडव्याला तीन आठवडे उरले होते. घोडामैदान जवळच होतं. भर रस्त्यात, सगळ्या कॉलनीसमोर यांचं काय झालं तर? पन्ह्याच्या टेम्पोपेक्षा ते वाईट.

म्हणून मी नीरजाला खरं सांगितलं. ती आधी खोखो हसली, मग गंभीर झाली. "काकू, चूक माझी पण आहे. मी फक्त आकडा मागितला. काकांना उद्या सरावाला घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मैदानावर तिने देवेंद्रांच्या कमरेला ढोल बांधला. आठ-दहा किलोचं ते धूड पोटावर बसताच त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. तिने एक सोपा ठेका दिला. धाड धाड धाड. मैदानाला एक फेरी झाली, दुसरी अर्धी झाली.

"घड्याळ काय म्हणतंय काका?"

"ए... एकशे... अठरा."

"वा! स्टीममध्ये होती तेवढीच. आता ती ट्रान्सफॉर्मरची गोष्ट सांगा बघू."

"मी... चीफ..." एवढं म्हणून ते थांबले. तोंड उघडं, शब्द नाही. ढोल पोटावर, घाम गालावर. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती मला सहन होईना.

नीरजाने ढोल सोडवला, त्यांना पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. "काका, घड्याळ खोटं नाही बोलत. पण ते फक्त नाडी बघतं आणि बाकीचं अंदाजाने ठोकतं. स्टीममध्ये अंग तापतं. ते थंड ठेवायला शरीर खूप सारं रक्त कातडीकडे पाठवतं. तिथल्या नसा मोकळ्या होतात, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी पडतं, मग एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं. ती कसर भरायला हृदय भराभर ठोके देतं. म्हणूनच तुम्ही ताडकन उठलात तेव्हा बीपी पडलं आणि चक्कर आली."

"म्हणजे हृदयाने काम केलं ना?" देवेंद्र अजून आशेवर होते.

"केलं की. स्टीम काही वाईट नाही, थोडा वेळ बसा, पाणी प्या, हळू उठा. पण पाय तर आरामात होते ना? चालताना किंवा ढोल वाजवताना स्नायू ऑक्सिजन मागतात, म्हणून धाप लागते. स्टीममध्ये त्यांनी काहीच मागितलं नाही, म्हणून तुम्ही निवांत गप्पा मारत होतात. आणि ज्यांनी काम केलं नाही, ते तयार कसे होणार?"

"पण स्टीमनंतर वजन केलं, तर दोनदा कमी भरलं होतं," ते हळूच म्हणाले.

"घाम, काका. पाणी प्यायलात की आलं परत."

देवेंद्रांनी शेजारचा ढोल हाताने जरा दूर सरकवला. मग म्हणाले, "मग टेम्पोच."

"मी कुठे म्हटलं?" नीरजा म्हणाली. "आजपासून घड्याळाकडे बघायचं नाही. काकू तुमच्याबरोबर चालतील आणि प्रश्न विचारतील. एक वाक्य बोलता आलं पाहिजे, गोष्ट नाही. गोष्ट सांगता आली, तर पाय उचला. वाक्यही जमेना, तर हळू व्हा. शेवटच्या आठवड्यात ढोल. आणि काका, शेवटची रांग मिळेल, पुढची नाही."

"चालेल," ते म्हणाले. एवढ्या पटकन त्यांनी आयुष्यात कशाला होकार दिलेला नव्हता.

ते तीन आठवडे म्हणजे माझी चैनच. लग्नानंतर पहिल्यांदा मी बोलत होते आणि हे ऐकत होते! नणंदेची सगळी जुनी प्रकरणं मी काढली. "सही आहे," एवढंच ते धापा टाकत म्हणायचे. ट्रान्सफॉर्मरचं नाव काढलं की मी ओरडायचे, "पाय उचला!" रस्त्यावरचे लोक बघायचे, आम्ही दोघं हसत हसत, अडखळत चाललेलो. गुडघ्याला पट्टा, कपाळाला घाम. एकदा तर हसू आवरेना म्हणून एका कंपाउंडला धरून उभे राहिलो.

पाडव्याच्या सकाळी फेटा बांधून ते निघाले. "ढोलाच्या दोरीत अडकतं हे," म्हणून घड्याळ काढून त्यांनी माझ्या मनगटात घातलं. मी चौकातल्या निंबाच्या सावलीत जाऊन उभी राहिले.

आधी झेंडे आले, मग ताशे, त्यात ऋषभ. मग ढोलांच्या रांगा, एकामागून एक. शेवटच्या रांगेत डाव्या टोकाला माझा नवरा. ठेका जरा मागे पडायचा, पुन्हा पकडायचा. मी जीव मुठीत धरून बघत होते. आता थांबतील, आता बसतील. नीरजाने हात वर केला, ठेका वाढला, आणि ते थांबले नाहीत. माझ्यासमोर आल्यावर त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. शब्द फुटला नाही. त्यांनी हातातलं टिपरू नुसतं वर उचललं आणि ढोलावर असं काही हाणलं की माझ्या छातीत दणदणलं. मला रडूच कोसळलं.

तेवढ्यात मनगट थरथरलं. बघते तर एकशे अठरा. घड्याळ विचारत होतं, व्यायाम सुरू केलात का?

ऊन अजून चढलं नव्हतं. मी सावलीत होते आणि जागची हललेही नव्हते.

मी 'नाही' दाबलं, डोळे पुसले, आणि शेवटच्या रांगेच्या मागून चालायला लागले.