प्रेसचं झाकण पडलं की

"कोणाचा मेसेज होता, बोल!"

"कोणाचाच नव्हता, मामा."

"मग जर्सी करपेपर्यंत बघत काय होतास? स्वतःचं थोबाड?"

भाचा करपलेली जर्सी प्रेसवरून सोडवू लागला. खोटं बोलायला तरी आधी खरं माहीत हवं ना! त्याने काय बघितलं होतं, देव जाणे.

मामाचं दुकान जर्सीवर नंबर छापायचं. गरम प्रेसचं झाकण दाबायचं, जरा थांबायचं, उचलायचं. बझर कधीचा बिघडलेला, त्यामुळे वेळ मनातच मोजायची. आजची दुसरी जर्सी करपली होती. तिसरी करपली की चालता हो, असं मामाने बजावलं. शाळा सुटलेलीच, आता हेही सुटलं तर घरी बाप दारात उभं करणार नव्हता.

"अहो, ओरडून काय उपयोग?" मामी म्हणाली. "मी बघते ना. झाकण खाली गेलं की याचा हात वर. फोन वाजो न वाजो. रिकामा क्षण सोसतच नाही त्याला."

"पण त्यात असतं काय?"

"तुमच्या गळाला काय असतं? रोज मासा लागला असता तर चार घेऊन घरी आला असतात. कधीच लागला नसता तर गळ मोडून चुलीत घातला असतात. अधूनमधून लागतो, म्हणून सुट्टीभर तळ्यावर बसता. आणि लागतो तो केवढा? बोटाएवढा!"

मामीने भाच्याचा फोन ड्रॉवरमध्ये टाकला.

झाकण पडलं. हात खिशाकडे गेला, रिकामाच परतला. पुन्हा पडलं, पुन्हा गेला. मग मांडीवर चक्क थरथर झाली. खिशात फोन नाही, तरी! त्याला स्वतःचीच चीड आली. कुत्र्यासारखं साखळीला बांधलंय, आणि साखळी दिसतही नाही.

शेवटी त्याने हाताला काम दिलं. झाकण पडलं की पुढच्या नंबरच्या पाठीचा कागद सोलायचा. जमलं. हात गुंतला, जर्सी वाचली. डोळे मात्र ड्रॉवरवर.

तेवढ्यात मामाने स्वतःचा फोन उचलला, अंगठा फिरवला, ठेवला.

"काय आलं, मामा?"

"कुठं काय? वेळ बघितली."

"किती वाजले मग?"

मामाने पुन्हा फोन उचलला. मामीला हसू आवरेना. मामाचे कान लाल झाले.

"शहाणा झालास! ती जर्सींची पिशवी घे, मैदानावर पोचव. संघ खोळंबलाय." ड्रॉवर उघडून मामाने फोन पुढे केला. "रस्ता बघायला लागेल."

"नको. विचारत जाईन."

"आणि हरवलास तर?"

नको म्हणणारं तोंड त्याचंच होतं. फोन घेणारा हातही त्याचाच. दारातच अंगठा फिरला. काहीच आलं नव्हतं. ठेवला. पायरी उतरला, पुन्हा काढला.

"आता काय बघतोयस?" मामी ओरडली.

"काही नाही, मामी. निघतो. मला आता निघायलाच हवं." पाय मात्र तिथेच, अंगठा फोनवर.