काळजी नको, तुझा मुलगा

“बाबा, आजीला तू दर शनिवारी जो मेल पाठवतोस, तो तू स्वतः कधी वाचलायस का?”

विचारला वकीलबाईने, पण प्रश्न तिचा नव्हता. शाळेच्या जिन्यात बसून तिच्या मैत्रिणींनी, लांबी आणि कुरळी या दोघींनी, तिच्या गळ्यात मारला होता. जेवणाच्या टेबलावर, आईसमोर, एका दमात विचारून दाखव, नाहीतर महिनाभर आमची दप्तरं उचल, अशी पैज होती. वकीलबाई हे नावही त्यांनीच ठेवलेलं. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ती वर्गात तोंड उघडत नव्हती. मग एकदा वादविवाद स्पर्धेत कुणीतरी आजारी पडलं, हिला उभं केलं, आणि तेव्हापासून तोंड मिटायचं कसं हेच ती विसरली.

मेलची पारायणं जिन्यातच झाली होती. बाबा सगळ्या घराला त्या मेलमध्ये टाकायचा, म्हणजे कौतुक करायला कुणी राहून जायला नको. वकीलबाईने दोघींना गेल्या महिन्यातला एक मेल वाचून दाखवला होता, बाबाचा आवाज काढून:

“प्रिय आई, या आठवड्यात तुझे पैसे थोडे कमी झाले. पैसा झाडासारखा असतो, कधी पानं गळतात, कधी फुटतात. काळजी नको. तुझा मुलगा.”

“बालवाडीतल्या बाई लिहितात का गं तुमच्याकडे?” लांबीने विचारलं होतं.

“मागचा दाखव,” कुरळी म्हणाली. मागचाही तसाच. त्याच्या मागचाही. झाड तेच, पानं तीच. “हा माणूस हे वाचत असेल तर मी टक्कल करीन.”

तर टेबलावर प्रश्न पडला. बाबाने पोळीचा तुकडा तोंडात टाकला आणि हसला. ते हसू वकीलबाईला पाठ होतं. ऑफिसातल्या नव्या पोरांना काही समजावताना तो असंच हसत असणार.

“वाचायचा कशाला? मी लिहिलाय तो. म्हणजे तो लिहिणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय. शनिवारी सकाळी आठला आपोआप चालतो, फंडांच्या ताज्या किमती आणतो, गेल्या आठवड्याशी ताडून बघतो आणि साध्या भाषेत आजीला कळवतो. मी झोपेत असतो.”

“ते दिसतंच,” आई म्हणाली.

“तिनेच मागितलं होतं,” बाबा म्हणाला. “निवृत्तीचे पैसे गुंतवल्यावर फंडवाल्यांचे कागद आले, तर काय म्हणाली? हे एनएव्ही, एक्सआयआरआर माझ्यापुढे नाचवू नकोस. वाढले की कमी झाले, एवढं सांग. सांगतोय. आकडेसुद्धा काढून टाकले, उगाच रक्तदाब वाढायला नको. वर्ष झालं, एक तक्रार नाही. याला म्हणतात वापरणाऱ्याचा विचार.”

स्वतःची पाठ स्वतः थोपटायला हात किती मागे न्यावा लागतो, याचा वकीलबाई बराच वेळ विचार करत राहिली. पैज ती जिंकली होती. पण उत्तर काही तिला पचेना.

म्हणून शनिवारी साडेसातलाच ती आजीकडे गेली. आजीचं घर दोन बसथांबे पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. आजीने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म काढला होता. बोलायची ते मोजून, आणि ऐकायची पूर्ण. दार उघडून तिने नातीच्या चेहऱ्याऐवजी खांद्याकडे बघितलं.

“तू होय. मला वाटलं दूधवाला.”

“आजी, दूधवाल्याला मिशा आहेत.”

“तुलाही फुटतील, एवढं बोलत राहिलीस तर.”

चहा ओतताना आजीने कपाच्या काठाला आधी बोट लावलं, मग त्या बोटाच्या अंदाजाने धार सोडली. वकीलबाईने ते बघितलं. बशीत सांडलेलंही बघितलं.

“डोळ्याचं ऑपरेशन या महिन्यात होतं ना?”

“पुढे ढकललं.”

“कधीवर?”

“बघू.” आजी खिडकीशी बसली. फोन टिंग वाजला तशी तिने तो नाकाला टेकेल इतका जवळ नेला आणि एकेक शब्द ओठांनी चाचपत वाचला. “कमी झाले. पुन्हा.” मग तिने एका बोटाने काहीतरी टाइप केलं.

“काय लिहितेस?”

“‘वाचलं, जेवून घे.’ दर शनिवारी लिहिते. तो बिचारा सुट्टीच्या दिवशी आठ वाजता उठून माझ्यासाठी लिहीत बसतो, मी दोन शब्द लिहू नयेत?”

वकीलबाईच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिने ते गिळलं.

“आजी, ऑपरेशन या मेलमुळे ढकललंस?”

“मग कशामुळे? वर्षभर बघतेय. महिन्याच्या सुरुवातीला ‘थोडे कमी झाले’. मग ‘जवळपास तेवढेच’, ‘जवळपास तेवढेच’, आणि पुन्हा ‘थोडे कमी’. वाढले म्हणून एकदा लिहिलं असेल तर शपथ. आणि वर ‘काळजी नको’. अगं, मी लोकांचे फोन जोडायचे. ज्या घरात खरंच बरं असतं ना, तिथला माणूस दर वेळी काळजी नको म्हणत नाही. तो भाजीचे भाव सांगतो.”

“त्याला विचारायचंस.”

“काय विचारायचं? पैसे बुडवलेस का रे, असं? मुलाला?” आजीने कप खाली ठेवला, यावेळी टेबलाच्या अगदी कडेला. वकीलबाईने तो गुपचूप आत सरकवला. “एक डोळा चालतोय. महिन्याचे येतात तेवढे येत राहू देत.”

बसमध्ये वकीलबाईच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. महिन्याचे येतात तेवढे. ते येतात कधी? महिन्याच्या सुरुवातीला. आणि येतात कुठून? त्याच फंडांतून.

घरी बाबा सोफ्यावर पाय पसरून बसला होता.

“लॅपटॉप उघड. तो प्रोग्रॅम दाखव.”

“तुला काय कळणार त्यातलं?”

“तू म्हणतोस ना, साध्या भाषेत लिहितोस? मग कळेल.”

बाबाने उघडला, कारण दाखवायची हौस त्यालाही होतीच. शाळेत शिकवलेल्या तेवढ्या प्रोग्रॅमिंगवर वकीलबाई ओळ ओळ बोट फिरवत गेली. फंडवाल्यांच्या फाइलीतून आजीकडची युनिटं घ्यायची, आजच्या किमतीने गुणायची, बेरीज करायची. त्यातून गेल्या शनिवारची बेरीज वजा करायची. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर ‘जवळपास तेवढेच’. त्याहून वर गेला तर ‘वाढले’. खाली गेला तर ‘थोडे कमी झाले’. आणि काहीही झालं तरी शेवटी झाड, पानं, काळजी नको.

“बिनचूक आहे,” बाबा म्हणाला.

“बिनचूकच आहे. आता मला सांग, आजीच्या खर्चासाठी दर महिन्याला युनिटं विकून पैसे तिच्या बँकेत जातात. ते तू कुठे धरलेस?”

“ते वेगळं. ते तिने काढलेले—” बाबा थांबला.

“हो. तिने काढलेले. किराणा आणला, विजेचं बिल भरलं. आणि तुझा प्रोग्रॅम म्हणतो, पानं गळली.”

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली.

बाबाने खुर्ची ओढली. त्याच फाइलीत विक्रीच्या नोंदी वेगळ्या रकान्यात होत्या. तो रकाना त्याने कधी वाचायलाच लावला नव्हता. काढलेली रक्कम प्रत्येक आठवड्याच्या फरकात परत मिळवून त्याने वर्षभराचा हिशेब नव्याने चालवला. कुठे थोडी घट होती, पण बहुतेक आठवडे वाढीचे होते. चिमूटभर वाढीचे, म्हणून एकही अर्ध्या टक्क्याची रेघ ओलांडत नव्हता. ती रेघ ओलांडायचा तो एकटा खर्चाच्या पैशांचा आठवडा, आणि तोही खाली जाताना. वर्षभर आजी काढून खात होती आणि रक्कम जवळपास होती तिथेच होती. जेवढं काढलं, जवळजवळ तेवढं वाढलं होतं.

“मस्त चाललंय की तिचं,” बाबा म्हणाला.

“तिला सोडून सगळ्यांना सांग. तिने डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय.”

आईने हातातला नॅपकिन खुर्चीवर टाकला. “तरीच. मी विचारलं तर म्हणाली, डॉक्टर बाहेरगावी गेलाय.”

“मला सांगायचं ना तिने,” बाबा म्हणाला. “मेलला उत्तर द्यायचं.”

“देते. दर शनिवारी.”

“तो पत्ता फक्त पाठवायला आहे. तिथलं कुणी उघडून...” हे वाक्य बाबाने पूर्ण केलं नाही आणि त्याबद्दल त्याला कुणी श्रेय दिलं नाही. पण माणूस असा की दुसऱ्या मिनिटाला सावरला. “सोपं आहे. एक ओळ वाढवतो. पुढच्या शनिवारपासून, ‘तू इतके काढलेस, तरी इतके वाढले.’ झाड बदलून नदी करू का?”

“फोन लाव तिला,” आई म्हणाली. नदी जागीच आटली.

बाबाने फोन लावला, स्पीकरवर ठेवला. पैसे सुरक्षित आहेत, हिशेबात एक छोटीशी गोष्ट राहिली होती, पैसे खरं तर वाढलेत, असं त्याने तीनदा सांगितलं.

“सकाळी म्हणालास कमी झाले,” आजी म्हणाली. “दुपारी म्हणतोस वाढले. मी कुठलं धरू?”

“आई, सकाळचं मी नाही म्हणालो. तो मेल प्रोग्रॅम लिहितो. आपोआप जातो.”



“सगळे?”

“सगळेच.”

“मग वर्षभर ‘काळजी नको’ कोण म्हणत होतं रे?”

बाबाने स्पीकरचा आवाज उगाच कमी-जास्त केला.

“पोरीला दे,” आजी म्हणाली. वकीलबाईने फोन ओढून घेतला. “हिशेब तू बघितलास? स्वतःच्या डोळ्यांनी?”

“बघितला, आजी. ओळ न् ओळ.”

“डोळ्याचे पैसे काढले तर महिन्याचे थांबतील?”

वकीलबाईने बाबाकडे बघितलं. त्याने निमूटपणे लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिने ऑपरेशनचा खर्च वजा केला, राहिलेल्या रकमेवर बोट ठेवलं आणि घाई न करता आकडा वाचला.

“नाही थांबणार. एवढे राहतात. पुढे बाजार कसा वागेल ते मला माहीत नाही, यालाही नाही. पण डोळ्यापायी तुझा महिना अडत नाही.”

“हं. ‘माहीत नाही’ म्हणालीस ते बरं वाटलं.” आजी म्हणाली. “दवाखान्यात सोबत कुणीतरी लागतं. कुणी माणूस येणार असेल तर जाईन.”

फोन बंद झाला. बाबा मान खाली घालून बसला होता आणि अजूनही एका बोटाने त्या नव्या ओळीची जागा शोधत होता. ते वकीलबाईला दिसलं. तिने लॅपटॉप मिटला.

“ऐका. मी ठरवलंय. हा मेल आजपासून बंद. प्रोग्रॅम चालू दे, पण त्याने आकडे मला पाठवायचे, विक्रीच्या रकान्यासकट. दर शनिवारी मी आजीकडे जाऊन, तिच्यासमोर बसून सांगणार. आणि सोमवारी मी शाळेत जाणार नाहीये. गणिताची चाचणी आहे, माहितीये, बुडू दे. मी आजीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार आहे. तुमच्यापैकी कोण येतंय ते उद्यापर्यंत सांगा. कुणी नाही आलं तरी आम्ही जातोय.”