पान त्रेचाळीसवरचा इलेक्ट्रॉन

उत्तरपत्रिकेवर ‘ब’ पर्यायाचं वर्तुळ प्राचीने इतकं दाबून काळं केलं होतं, की कागद उलटल्यावर तिथे तांदळाच्या कणीएवढा उंचवटा बोटाला लागत होता. किर्तीने त्यावरून दोनदा बोट फिरवलं. अंदाजाने ठोकणारी मुलं वर्तुळ असं भरत नाहीत.

“मॅडम, समजवा हिला,” धर्मेशसर म्हणाले. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला हा क्लास त्यांचा; किर्ती तिथे शिकवायची. खालच्या मजल्यावर जीन्स शिवणाऱ्या मशिनी धडधडत होत्या, म्हणून ते नेहमीच जरा मोठ्याने बोलत. “तीन मार्कांनी स्टार बॅच हुकली, तर आता आपली उत्तरसूचीच चुकीची म्हणते.”

बारवी धरणाकडच्या पाड्यावरून प्राची भोईर आली होती, आईला घेऊन. सगुणाबाई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या.

प्रश्न अकरावीचा, साधा. एक इलेक्ट्रॉन अणूच्या आत, ०.१ नॅनोमीटरच्या जागेत कोंडलेला आहे. त्याच्या वेगातली किमान अनिश्चितता काढा. सूचीतलं उत्तर होतं ‘क’: ५.७९ गुणिले दहाचा सहावा घात, मीटर प्रतिसेकंद. ‘ब’मध्ये तोच आकडा होता, पण घात पाचवा. बरोबर असेल तर चार मार्क, चुकलं तर एक वजा. म्हणजे या एका वर्तुळावर प्राचीचे पाच मार्क अडले होते.

“अगं, आठ वर्षं हे पुस्तक चालतंय,” सर हसले. “तुझ्यासाठी इलेक्ट्रॉन हळू धावणार का?”

“सर, त्याचा वेग मी काढलाच नाही. वेगातली अनिश्चितता काढली.” प्राचीने वही पुढे सरकवली. “जागेची अनिश्चितता गुणिले संवेगाची, प्लांकचा स्थिरांक h भागिले चार πपेक्षा कमी होऊ शकत नाही. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. म्हणून h ला चार π, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान आणि जागा, या तिन्हींच्या गुणाकाराने भागलं. जागा दहाचा उणे दहावा घात मीटर. पाचवाच घात येतो. तीन वेळा केलं.”

“कमी होऊ शकत नाही, बरोबर?” सरांनी बोट वर केलं. “मग जास्त चालतं ना! सहावा घात जास्तच आहे. विषय संपला.”

“सर, प्रश्नात ‘किमान’ लिहिलंय.”

सगुणाबाईंना यातलं काही कळलं नसावं. पण लेक मागे हटली नाही एवढं त्यांनी पाहिलं. “माझी पोर उगाच नाय भांडत, सर,” त्या म्हणाल्या आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसल्या.

किर्तीने टेबलावरचं पुस्तक उघडलं. मुखपृष्ठावर सरांचा फोटो, खाली सरांचं नाव. पान त्रेचाळीस. प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न इथूनच उचलला होता, उत्तरासकट.

आणि तिला सगळं आठवलं. बदलापूरच्या घरी, ओट्याशेजारच्या टेबलावर, आठ वर्षांपूर्वी. कच्च्या खर्ड्यात तिने जागा ०.१ अँगस्ट्रॉम धरली होती. मग वाटलं, एवढ्यात तर हायड्रोजनचा अणूसुद्धा मावत नाही. मुलांना खऱ्या अणूचं माप द्यावं. तिने ०.१ नॅनोमीटर केलं. जागा दहापट वाढली, म्हणजे उत्तर दहापट कमी व्हायला हवं होतं. ते बदलायचं राहून गेलं. आठ आवृत्त्या निघाल्या आणि कोणी विचारलं नाही.

आवृत्त्या आठ, आणि दर वेळी “पुढच्या वेळी तुमचं नाव टाकू, मॅडम” हेच ऐकायचं. दर जूनमध्ये ती घरून एक वाक्य ठरवून निघायची आणि क्लासच्या जिन्यात ते गिळायची.

“मॅडम,” सर आवाज खाली आणून म्हणाले, “सूची बदलली तर सगळ्यांचे मार्क बदलतील. पालक येऊन बसतील. पुस्तक माझ्या नावावर आहे, इज्जत जाते. सांगा हिला, राउंडिंगचा फरक आहे.”

“दहापटीचा?” प्राची म्हणाली.

किर्तीला हसू आलं. तिने लाल पेन काढलं, पान त्रेचाळीसवरचा सहा खोडला, तिथे पाच लिहिला, आणि पुस्तक सरांकडे फिरवलं.

“प्राचीचं बरोबर आहे. एकशे सत्त्याहत्तर अधिक पाच, एकशे ब्याऐंशी. ज्यांनी ‘ब’ भरलं त्या सगळ्यांचे मार्क आजच बदला, आणि ‘क’वाल्यांचे कापा. पालकांशी मी बोलते.”

“तुम्ही? तुम्ही काय सांगणार?”

“चूक माझी आहे, असं.”

“तुमची कशी?” सगुणाबाईंकडे बघत सरांनी काही ठाऊक नसल्यासारखं विचारलं.

खाली मशिनी थांबल्या होत्या. चहाची वेळ झाली असावी. त्यामुळे तिला आवाज चढवावा लागला नाही.

“कारण हे पुस्तक मी लिहिलंय, सर. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. नववी आवृत्ती माझ्या नावाने निघेल, नाहीतर निघणार नाही.”